दिवेलागणीला बाळ का रडतं?

ताईंनो, दीड महिन्याचं बाळ दिवसभर नीट दूध पितं, वजनही वाढतं. पण दिवेलागणीला तास न् तास रडतं, पाय पोटाशी घेतं, पोट घट्ट लागतं. आपण म्हणतो, आईनं वातूळ खाल्लं, गॅस झाला. पण रडताना पोटाचे स्नायू आवळतात आणि बाळ हवा गिळतं. म्हणजे पोट घट्ट होतं ते बरेचदा रडण्यामुळेच. नेमकं एक कारण डॉक्टरांनाही सापडलेलं नाही. साधारण ६व्या आठवड्यात हे रडणं सर्वांत जास्त असतं, ३-४ महिन्यांत आपोआप थांबतं. म्हणून आईचं जेवण तोडू नका, बाळाला घुटी पाजू नका. आई थकली की घरातल्या दुसऱ्या कुणी बाळाला खांद्यावर घ्यावं. मात्र रडणं थांबल्यावरही पोट टणक राहिलं, ताप, हिरवी उलटी, शीत रक्त दिसलं किंवा बाळानं दूध सोडलं, तर लगेच दवाखाना गाठा.