उजव्या पटलाखालची काळी कोर

"डॉक्टर, दुखतंय पोटात आणि फोटो छातीचा कशाला?" पोट धरून आलेल्या पेशंटचे नातेवाईक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नव्यानं ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि एक्स-रे टेक्निशियनला नीट ठाऊक असायला हवं. जठराला किंवा आतड्याला भोक पडलं की आतली हवा पोटाच्या पोकळीत सुटते. माणूस ताठ बसलेला किंवा उभा असेल तर ही हवा वर चढते आणि श्वासपटलाच्या घुमटाखाली साचते. छातीच्या फिल्ममध्ये किरण या घुमटाला जवळजवळ घासून जातात, म्हणून हवेचा पातळ थरही वेगळा उठून दिसतो. पोटाच्या उभ्या फिल्ममध्ये किरणांचा मध्य खाली असतो. ते घुमटावर तिरपे येतात, आणि पोटासाठी दिलेल्या जास्त किरणांत वरचा भाग काळा पडून जातो.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे आलेले एक काका मला या संदर्भात नेहमी आठवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ते कित्येक महिने उपाशीपोटी घेत होते. पहाटे चूल पेटवायच्या वेळेला छातीच्या पिंजऱ्याखाली एकदम कळ आली. ती कोणत्या क्षणी आली हे त्यांना नेमकं सांगता येत होतं. असं सांगणाऱ्या माणसाचं बोलणं मी फार गांभीर्यानं घेतो, कारण गॅसेसचं दुखणं हळूहळू वाढतं आणि भोक पडल्याचं दुखणं एका क्षणात सुरू होतं. आधी ते जिथे गेले तिथे त्यांचा एक्स-रे स्ट्रेचरवर आडवं ठेवूनच काढला होता. फिल्ममध्ये हवा दिसली नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत कळ थोडी कमी झाली आणि त्यांना घरी पाठवलं.

हा उतार फसवा असतो. सुरुवातीला जठरातलं आम्ल पोटाच्या आतल्या अस्तराला भाजतं, म्हणून पोट लाकडासारखं कडक होतं. काही तासांनी पोकळीत पाझरलेल्या पाण्यानं आम्ल पातळ होतं आणि दुखणं ओसरल्यासारखं वाटतं. जंतू मात्र त्याच वेळात वाढत असतात. काका संध्याकाळी आमच्याकडे आले तेव्हा पोट फुगलं होतं, नाडी जलद होती, जीभ कोरडी पडली होती आणि उजवा खांदा दुखत होता. पटलाला होणारी इजा खांद्यावर जाणवते. उजव्या बरगड्यांवर टिचकी मारली तर यकृताचा बद आवाज यायला हवा, तिथे पोकळ आवाज येत होता.

टेक्निशियन म्हणाला, "सर, यांना उभं राहता येत नाही." हरकत नव्हती. उभं राहणं गरजेचं नाही, ताठ बसणं गरजेचं आहे. त्यांच्या भावानं पाठीमागून आधार दिला, पाय कॉटखाली सोडले आणि त्यांना दहा मिनिटं तसंच बसवून मग फिल्म घेतली. ही दहा मिनिटं वाया गेली असं कोणी समजू नये. हवेला यकृताच्या कडेनं वर सरकायला तेवढा वेळ लागतो. नीट वेळ देऊन बसवलं तर एक-दोन मिलिलिटर हवाही दिसू शकते. उलट उशीला टेकवून अर्धवट कलंडलेल्या माणसात बरीच हवा असली तरी ती पोटाच्या पुढच्या भागात पसरते आणि घुमटाखाली कोर उमटत नाही.

फिल्ममध्ये उजव्या पटलाखाली बारीक चंद्रकोर दिसली. वर पटलाची पातळ पांढरी रेघ, तिच्याखाली काळी कोर आणि त्याखाली यकृताची एकसारखी पांढरी सावली. उजवी बाजू म्हणूनच आधी पाहायची. तिथे यकृताशिवाय काही नसतं आणि काळं काही असेल तर लगेच कळतं. डावीकडे जठरातली हवा नेहमीच असते. ती ओळखायची खूण अशी की तिच्यावरची भिंत जाड दिसते, कारण पटल आणि जठराची भिंत एकत्र दिसतात. बऱ्याचदा तिच्या तळाशी पाण्याची आडवी पातळीही असते. मोकळ्या हवेवर फक्त पटलाची रेघ असते.

उजवीकडेही एक फसवणूक होते. काही माणसांत मोठ्या आतड्याचा वेढा यकृत आणि पटल यांच्या मधे शिरलेला असतो. व्हिएन्नातल्या चिलाइदिती यांनी 1910 मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. त्या काळ्या भागात आतड्याच्या घड्यांच्या रेषा दिसतात, मोकळ्या हवेत त्या कधीच नसतात. अशा माणसाचं पोट मऊ असेल आणि तो शांत बसला असेल, तर घाईनं पोट उघडू नये.

हवा दिसली म्हणजे पोकळ अवयव फुटला आहे, एवढंच फिल्म सांगते. कुठे फुटला हे पेशंटच्या बोलण्यातून शोधावं लागतं. वेदनाशामक गोळ्या, तंबाखू आणि जुनी जळजळ असेल तर बहुतेक वेळा जठराच्या पुढच्या, आतड्याच्या पहिल्या भागातला अल्सर असतो. दोन-तीन आठवडे ताप येऊन अचानक पोट दुखायला लागलं तर टायफॉइडचा विचार करावा. त्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला भोक पडतं. अपेंडिक्स फुटलं तर हवा क्वचितच दिसते, कारण त्याचं तोंड सहसा बंद झालेलं असतं. काकांच्या आतड्याच्या पहिल्या भागाच्या पुढच्या भिंतीला बोटाच्या टोकाहून लहान भोक होतं आणि पोटात पित्तमिश्रित पाणी भरपूर साचलं होतं. पोट धुऊन, भोकावर ओमेंटमचा, म्हणजे आतड्यावर पसरलेल्या चरबीच्या पदराचा, तुकडा टाक्यांनी बसवला. जखमेत पू झाल्यामुळे त्यांचा मुक्काम लांबला. पहाटेच ऑपरेशन झालं असतं तर पोटात जंतू इतके वाढले नसते, याबद्दल मला शंका नाही.

हवा दिसली नाही तर काय? अल्सर फुटलेल्या दहा पेशंटांपैकी दोघा-तिघांच्या फिल्ममध्ये ती नसते, कारण भोक ओमेंटमनं लवकर झाकलेलं असतं. पोट कडक असेल तर स्वच्छ फिल्म बघून घरी पाठवू नये. सीटी स्कॅन करावा. तो जवळ नसेल तर डाव्या कुशीवर दहा मिनिटं झोपवून आडव्या किरणांनी फिल्म घ्यावी. मग हवा यकृत आणि पोटाच्या उजव्या भिंतीच्या मधे दिसते. स्टेरॉइड घेणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांचं पोट मात्र भोक असूनही मऊ राहू शकतं, तिथे पोटाच्या कडकपणावर विसंबू नये. पोट उघडून झालेल्या ऑपरेशननंतर काही दिवस हवा राहतेच. ती वाढत गेली किंवा दुखणं वाढलं तरच काळजी करावी.

पुढच्या दवाखान्यात पाठवायचं असेल तर तोंडानं काही देऊ नका, नाकातून रायल्स ट्यूब घाला, सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू करा. दुखण्याचं औषधही द्या, पण उपाशीपोटी खाल्लेल्या त्या गोळ्यांच्या जातीचं नको. चिठ्ठीवर कळ किती वाजता सुरू झाली ते लिहा. फिल्म कोणत्या स्थितीत घेतली, त्याआधी पेशंट किती मिनिटं ताठ बसला होता आणि शेवटचं काय खाल्लं, हेही लिहा. आणि फिल्म सोबत द्या, नुसता रिपोर्ट नको.