मिटलेल्या खात्यातल्या याद्या परत मागताना

नांदेडच्या सिडकोत आमचं भजनी मंडळ आहे आणि पेटी माझ्याकडे असते. नवीन मुलांना चाली ऐकवायला मी गाण्यांच्या ॲपवर याद्या करून ठेवल्या होत्या. पहिली रूपाच्या अभंगांची, मग गौळणी, भारुडं, शेवटी भैरवी. एकाच अभंगाची दोन-तीन गायकांची ध्वनिमुद्रणं ऐकून, आमच्या मुलांच्या पट्टीला कोणतं जमेल ते पाहून निवडलेली. गाणी ॲपवर कुणालाही मिळतील. ती निवड आणि तो क्रम मात्र आणखी कुठेच लिहिलेला नव्हता.

हे खातं घरात सगळ्यांचं होतं. माझी भाची लातूरला नीटच्या क्लासला आहे, तीही त्यावरच ऐकायची. परीक्षा जवळ आली म्हणून तिने फोनमधली ॲपं काढायला घेतली. बाकीची Uninstall केली, या ॲपच्या सेटिंगमध्ये मात्र Delete account दिसलं आणि तेच दाबलं. "मामा, मी तर फक्त माझ्या फोनमधून काढलं," ती म्हणाली, आणि तिचा खरंच तसाच समज होता. Uninstall केल्याने फोनमधलं ॲप जातं, खातं कंपनीकडे तसंच राहतं. Delete account केलं की खातंच मिटतं, मग ते कोणत्याही फोनवरून केलेलं असो. डाउनलोड करून ठेवलेली गाणीही त्याबरोबर बंद पडतात, कारण ती फोनमध्ये असली तरी खात्याच्या परवानगीनेच वाजतात.

अशा वेळी सगळ्यात आधी मेल उघडा. खातं मिटवल्यावर बहुतेक कंपन्या नोंदणीच्या पत्त्यावर कळवतात आणि विचार बदलला तर दाबायची लिंकही देतात. स्पॉटिफायची लिंक ७ दिवस चालते. आमच्या ॲपचा तसा मेल जीमेलच्या Promotions कप्प्यात जाऊन पडला होता, आणि तो सापडेपर्यंत मुदत उलटून गेली होती. म्हणून इनबॉक्स पाहून थांबू नका, Spam आणि Promotions दोन्ही धुंडाळा. ही मुदत आणि नुसती यादी पुसली गेल्यावरची मुदत वेगवेगळी असते. खातं शाबूत असेल आणि फक्त यादी गेली असेल, तर स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर खात्याच्या पानात ती ९० दिवसांपर्यंत स्वतःच परत आणता येते, कुणाला पत्र लिहावं लागत नाही. खातंच गेलं असेल तर ते ९० दिवस उपयोगाचे नाहीत.

दुसरं, घाईने त्याच मेलवर किंवा त्याच मोबाइल नंबरवर नवीन खातं उघडू नका. सपोर्टचा माणूस तुमचा पत्ता टाकून शोधतो. तिथे नवं कोरं खातं दिसलं की तो कळवतो, तुमचं खातं चालू आहे. मग जुनं वेगळं होतं हे पटवण्यातच आठवडा जातो. मंडळातल्या एकाच्या बाबतीत असंच झालेलं मला ठाऊक होतं, म्हणून मी थांबलो.

मेल लिहिण्याआधी मी पुरावे गोळा केले, आणि खरं काम तेच आहे. जुनं खातं नेमकं कोणतं हे कंपनीला ओळखता आलं पाहिजे. गूगल प्लेवरून पैसे भरले असतील तर पावतीवर GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. जीमेलमध्ये GPA शोधलं की पावत्या वर येतात. त्याहून कामाची ठरली ती यादीची लिंक. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मी कधीतरी याद्या पाठवल्या होत्या. त्या जुन्या लिंका उघडत नव्हत्या, तरी त्यांच्या आत प्रत्येक यादीचा ओळख क्रमांक असतो. स्पॉटिफायच्या लिंकमध्ये playlist/ या शब्दानंतर येणारी अक्षरं म्हणजे तो क्रमांक; यूट्यूबच्या लिंकमध्ये list= नंतरची. 'भजन' नावाच्या याद्या हजारो असतील, तो क्रमांक एकाच यादीचा असतो.

सपोर्टला मी इंग्रजीत लिहिलं. मराठीत ते असं होतं:

"माझं खातं अमुक तारखेला संध्याकाळी घरातल्या व्यक्तीकडून चुकून कायमचं मिटवलं गेलं. लॉगिन गूगलमार्फत होतं, पत्ता हाच, ज्यावरून मी लिहितो आहे. शेवटच्या पावतीचा ऑर्डर क्रमांक अमुक. विनंती एक: खातं पुन्हा सुरू करता येत असेल तर करावं. विनंती दोन: ते शक्य नसेल तर खालच्या चार याद्या मी उघडेन त्या नव्या खात्यावर आणून द्याव्यात. यादीची नावं आणि लिंका सोबत आहेत. नवं खातं मी अजून उघडलेलं नाही. आपण सांगाल तेव्हा उघडतो."

दोन विनंत्या वेगळ्या ठेवल्याचा फायदा झाला. एकच विनंती असती तर 'खातं परत सुरू होत नाही' एवढं सांगून त्यांनी प्रकरण मिटवलं असतं. लॉगिन कशाने होतं हेही जरूर लिहा. गूगलने केलेलं लॉगिन आणि मोबाइल नंबरवर आलेल्या ओटीपीने केलेलं लॉगिन ही एकाच माणसाची दोन खाती असू शकतात. कधी कधी मिटलं असं वाटणारं खातं दुसऱ्या वाटेने आत गेल्यावर जसंच्या तसं सापडतं, तेही आधी पाहून घ्या.

पहिलं उत्तर ठरलेल्या साच्यातलं आलं: ॲप काढून पुन्हा टाका. त्यावर नवा मेल पाठवला की नवा तक्रार क्रमांक पडतो आणि आधीचे पुरावे दुसऱ्याच माणसासमोर शून्यापासून मांडावे लागतात. म्हणून त्याच मेलला, विषयाची ओळ न बदलता, उत्तर दिलं: हा ॲप न चालण्याचा प्रश्न नाही, खातं मिटलं आहे, कृपया खात्यांचं काम पाहणाऱ्या विभागाकडे पाठवा. तरीही दाद मिळाली नाही तर पैसे भरून घेतलेल्या सेवेसाठी ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असं आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर असावाच लागतो.

संपर्क घ्यायचा तो तिथूनच किंवा ॲपच्या मदत पानावरून. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका. तिथे ठगांनी टाकलेले नंबरही असतात. ओटीपी, पासवर्ड, कार्डाचा नंबर किंवा फोनची स्क्रीन दाखवण्याची परवानगी मागितली की फोन ठेवा. यादी परत द्यायला यातलं काहीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

शेवटी नवं खातं उघडायला सांगितलं आणि त्यावर याद्या आल्या, क्रमासकट. भैरवीच्या यादीत दोन गाणी फिकट दिसतात, वाजत नाहीत. त्यांचे हक्क आता त्या ॲपकडे नाहीत. हृदयाच्या खुणेने जपलेली गाणी मात्र आलीच नाहीत, कारण त्यांची लिंक मी कधी कुणाला पाठवलेली नव्हती. आणखी एक बघायचं राहतं ते पैशाचं. खातं मिटलं तरी गूगल प्लेचं सबस्क्रिप्शन किंवा यूपीआयचा ऑटोपे चालू राहू शकतो, तो वेगळा बंद करावा लागतो.

आता याद्यांची प्रत मी बाहेर ठेवतो. यूट्यूबच्या याद्या takeout.google.com वरून उतरवता येतात, पण त्या फाइलमध्ये गाण्याचं नाव नसतं, फक्त व्हिडिओचा क्रमांक आणि तो यादीत टाकल्याची वेळ असते. व्हिडिओ यूट्यूबवरून निघाला की त्या क्रमांकावरून गाणं कोणतं होतं ते कळत नाही. म्हणून अभंगाचं नाव, गायक आणि आमच्या मुलांची पट्टी मी वहीतही लिहितो, आणि त्या पानाचा फोटो मंडळाच्या गटावर टाकतो.