अडखळलेलं गाळू नका

हिंगोली, कळमनुरी, वसमत या पट्ट्यातल्या जुन्या माणसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून उतरवून काढणं हे माझं काम. मुलूख हळदीचा, त्यामुळे बोलणंही बहुधा हळदीवरूनच सुरू होतं. समोर बसलं की माणूस घडाघडा बोलतोय असं वाटतं. हेडफोन लावला की ऐकू येतं, तो दर दोन वाक्यांआड थांबतो, मागे येतो, शब्द बदलतो. हे सगळं कागदावर आणताना जे हाती लागलं, ते असं.

१. वाक्य ‘नीट’ करायला गेलं की बोलीच हातातून जाते.

एक बाई सांगत होत्या, “सून पाणी आणायली... आणत आहे.” घाईत उतरवणारा ‘सून पाणी आणत आहे’ एवढंच लिहून मोकळा होतो. पण ‘आणायली’ हेच इकडचं खरं रूप. यंत्र समोर दिसल्यावर त्यांनी ते मागे घेतलं आणि पुस्तकी रूप पुढे केलं. अर्धवट सोडलेला भाग खोडला, की मराठवाड्याच्या बोलीचा पुरावा गेला आणि बोलणाऱ्याला कुठे संकोच वाटला तेही गेलं. म्हणून मी तीनही भाग ठेवतो: मागे घेतलेलं, मधला थांबा किंवा ‘अं’, आणि दुरुस्ती. तुटलेल्या शब्दापुढे आडवी रेघ देतो. ‘काढली’ म्हणता म्हणता ‘का’वर थांबले, तर ‘का-’.

ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात बोलींचे नमुने म्हणून उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीत मांडलेली आहे. रूपं तपासायला ती आजही उपयोगी पडते. बोलताना माणूस कुठे अडतो हे मात्र त्यात शोधून सापडणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात ध्वनिमुद्रणं जपली आहेत. दोन्हींतला खरा फरक मला इथे दिसतो.

२. ‘अं’, ‘हं’ आणि ‘हे’ एका खात्यात टाकू नयेत.

‘अं’ हा भरलेला थांबा. तो लांबतो, सूर बहुतेक सपाट राहतो, आणि पुढे त्याच माणसाचं बोलणं येतं. ‘हं’ बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचा हुंकार असतो, तो अडखळण्यात मोजायचा नाही. ‘हे’ची गोष्ट सगळ्यांत निराळी: “हळद त्या ह्याच्यात टाकली, काय म्हणतेत... कढईत.” नाव आठवलं नव्हतं, पण विभक्ती ठरलेली होती, ‘ह्याच्यात’मधला ‘-त’ पुढे ‘कढईत’मध्ये तसाच आला. म्हणजे वाक्याचा सांगाडा तयार होता, अडला तो फक्त शब्द. ‘अं’ला प्रत्यय लागत नाही, त्यामुळे इतकं त्यावरून कळत नाही.

३. शब्द दोनदा आला म्हणजे माणूस अडखळला असं नव्हे.

‘हळू हळू’, ‘दोन दोन पोते’, ‘बघता बघता’ ही आपल्या भाषेची रचना आहे. दोन शब्दांमध्ये खंड नसतो आणि एक काढला तर अर्थ बदलतो. “मी मी... मी गेलो” यातले जादा ‘मी’ काढा, अर्थ तोच राहतो. एवढी कसोटी पुरते.

४. अडखळण्याचा दर काढताना भागाकार कशाने केला ते लिहून ठेवा.

हे वाक्य घ्या: “मंग अं आमी हळद का- हळद काढली अन् ती कुकरला... कढईत शिजवली.” अडखळणं तीन ठिकाणी: एक ‘अं’, एक तुटून पुन्हा सुरू झालेली ‘हळद’, आणि ‘कुकरला’ बदलून ‘कढईत’. शेवटी उरलेले शब्द ८. त्यांनी भागलं तर शंभर शब्दांमागे ३७.५. ‘अं’ वगळून तोंडातून आलेले सगळे तुकडे ११ धरले तर सुमारे २७. वाक्य एकच, आकडे दोन. शिवाय एका वाक्यावरून दर ठरत नाही. निदान काही शे शब्दांचा सलग मजकूर हवा.

इंग्रजीच्या अभ्यासांत, मुके थांबे वगळून, शंभर शब्दांमागे साधारण ६ असा आकडा दिला जातो. तो आपल्या आकड्याशेजारी ठेवू नये. ‘घरापर्यंतच्या’ हा आपला एक शब्द इंग्रजीत अनेक शब्दांचा होतो. तुलनाच करायची तर अक्षरांमागे किंवा मिनिटामागे करावी.

५. मुक्या थांब्याला पाव सेकंदाची खालची मर्यादा ठेवा.

२५० मिलिसेकंदांचा हा रिवाज जुना आहे. ‘पट्टा’मधल्या ‘ट्ट’ला तोंड बंद राहतं तेवढ्या शांततेलाही थांबा धरायची वेळ त्यामुळे येत नाही. प्रातमध्ये (Praat) लहरींवर तो मोजता येतो. मात्र पंखा किंवा मोटार चालू असेल, तर यंत्राला शांतता सापडतच नाही. तिथे कानानेच खुणा कराव्या लागतात.

गावाकडच्या आजी-आजोबांचं बोलणं फोनवर टिपत असाल, तर मूळ फाइल कापू नका, आणि उतरवताना जे ऐकू आलं तेच लिहा.