व्हिडिओ कॉलवर चेहरा मेणासारखा दिसतोय? ब्युटी फिल्टर नेमका कुठून बंद करायचा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "सर, कॉलवर माझा चेहरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो, मी तर काही लावलेलंच नाही." व्हिडिओत हे घाईत सांगून झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्या मोत्याच्या नथी बनवतात आणि व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉलवर स्वतः घालून दाखवतात. गिऱ्हाईक बघायचं, "छान आहे" म्हणायचं आणि मग "फोटो पाठवा ना" सांगून गायब व्हायचं. आम्ही त्यांच्या बहिणीच्या फोनवर कॉल लावून बघितला. नथीतले बारीक मोती एकमेकांत मिसळून एक पांढरट ठिपका झाला होता. मधला लाल खडा ओळखू येत होता, पण मोत्यांमधली तार दिसतच नव्हती. मान वळवली की नथीची कड किंचित थरथरायची. ज्या बारीक कामाचे पैसे मागायचे, तेच फिल्टर पुसून टाकत होता.

असं का होतं, ते समजून घ्या. फिल्टर आधी चेहरा शोधतो आणि मग त्या भागातले बारीक फरक, म्हणजे डाग, सुरकुत्या, छिद्रं, सपाट करतो. मोठ्या कडा, जसे डोळे आणि ओठ, तो शक्यतो राखतो. पण नाकावरचा दोन मिलिमीटरचा मोती हा दागिना आहे की पुटकुळी, हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. कानातले, टिकली, चष्म्याची बारीक फ्रेम यांचंही तेच. उटणं, फेस पॅक किंवा मेकअपचं काम करणाऱ्यांना तर जास्तच सांभाळावं लागतं. गिऱ्हाईक तुमची त्वचा बघून विकत घेत असतं, आणि ती त्वचाच खरी नसते.

फिल्टर चालू आहे की नाही, हे ओळखायची माझी आवडती पद्धत सांगतो. कॉल लावा, स्वतःचं चित्र मोठं करा आणि तळहात चेहऱ्यासमोरून हळू फिरवा. चेहरा झाकला गेला की फिल्टरला तो क्षणभर सापडत नाही. हात बाजूला जाताना कातडी आधी खरखरीत आणि मग एकदम गुळगुळीत झालेली दिसली, तर समजा फिल्टर चालू आहे. अशी उडी दिसली नाही, म्हणून फिल्टर नाहीच असं मात्र समजू नका; काही फिल्टर चेहरा बऱ्यापैकी धरून ठेवतात. मग गालाजवळ वर्तमानपत्राचा तुकडा धरा. अक्षरं स्पष्ट आणि बाजूचा गाल मात्र लोण्यासारखा, म्हणजे फिल्टरच.

आता तो बंद कुठे करायचा? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण फिल्टर दोन ठिकाणी असू शकतो: कॉलच्या अॅपमध्ये किंवा फोनमध्ये. कधी दोन्हीकडे एकदम, म्हणजे इस्त्रीवर इस्त्री.

अॅपपासून सुरुवात करा. व्हॉट्सअॅपमध्ये व्हिडिओ कॉल चालू असताना जादूच्या कांडीसारखं इफेक्ट्सचं चिन्ह दिसतं. त्यात `Touch up` बंद करा. तिथेच `Low light` असतं, ते अंधारात चित्र उजळण्यासाठी आहे. उजेड पुरेसा असेल तर तेही नको. झूममध्ये कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधल्या व्हिडिओच्या भागात जा आणि `Touch up my appearance` वरची खूण काढा. झूम ही निवड लक्षात ठेवतं, त्यामुळे कधीतरी भाच्याने गंमत म्हणून लावलेला फिल्टर सहा महिने तसाच चालू असू शकतो. गुगल मीटमध्ये इफेक्ट्समध्ये `Appearance` खाली `Portrait touch-up` असतं. टीम्सवर व्हिडिओ इफेक्ट्समध्ये `Soft focus` शोधा. अपडेट झालं की मेनूची जागा थोडी हलते, म्हणून जागा पाठ करू नका, ही नावं शोधा.

अॅपमध्ये सगळं बंद करूनही चेहरा तसाच? मग दुसऱ्या एखाद्या अॅपवर कॉल लावून बघा. तिथेही गुळगुळीत दिसलात, तर फोनवर संशय घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओ कॉलसाठी वेगळी ब्युटी सोय असते आणि ती कुठल्याही कॉल अॅपवर लागू होते. शाओमी आणि रेडमीच्या बऱ्याच फोनवर तिचं नाव `Front camera assistant` आहे. तुमचा फोन वेगळा असेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत `beauty` टाइप करा, नाही सापडलं तर `video call`. एक लक्षात ठेवा: कॅमेरा अॅपमधली ब्युटीची पट्टी शून्यावर आणली म्हणजे कॉलवरचा फिल्टर गेला, असं नाही. ती पट्टी बहुतेक वेळा फक्त त्या कॅमेरा अॅपपुरती असते. आमच्या ताईंनी तीच शून्यावर आणली होती आणि "मी तर बंद केलंय" म्हणत होत्या. प्रत्यक्षात व्हॉट्सअॅपचं `Touch up` आणि फोनमधली सोय, दोन्ही चालू निघाले. दोन्ही बंद केल्यावर बहिणीच्या फोनवर नथीतले मोती मोजता आले.

हे सगळं कॉल लावण्याआधी करा बरं का. बोलता बोलता बंद केलं, तर समोरच्या माणसाला तुमचा चेहरा एका सेकंदात पाच वर्षांनी मोठा झालेला दिसतो, आणि मग नथ बाजूला राहते.

सगळं बंद, तरी चित्र मऊच आहे, असंही होतं. मग फिल्टरला दोष देऊ नका. आधी पुढच्या कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. गालाचं तेल आणि हाताचा घाम लागून तिथे पातळ थर बसतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. मग उजेड बघा. अंधारात कॅमेऱ्याच्या चित्रात दाणे येतात, आणि ते काढायला फोन स्वतःहून चित्र सपाट करतो. ती सोय सहसा बंद करता येत नाही, पण खिडकीकडे तोंड करून बसलात तर तिची गरजच कमी होते. खिडकी पाठीमागे नको. तिसरं कारण नेटवर्क. रेंज कमी झाली की अॅप चित्राची गुणवत्ता उतरवतं. फरक असा ओळखा: फिल्टर फक्त चेहरा सपाट करतो, नेटवर्क मागची भिंत आणि साडीची किनारसुद्धा सपाट करतं, आणि हललात की चौकोन चौकोन दिसतात.

"पण सर, फिल्टर काढला की चेहरा थकलेला दिसतो," हा प्रश्न येणारच. फिल्टर जे करतो त्यातलं बरंच काम उजेड करतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावल्या पडतात. ती बंद करून समोरून खिडकीचा उजेड घ्या. ऊन थेट अंगावर येत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी लावा. मांडीवर किंवा टेबलावर पांढरा कागद ठेवलात तर हनुवटीखालची सावलीही हलकी होते. संध्याकाळच्या कॉलसाठी समोरच्या भिंतीवर दिवा पाडा, थेट तोंडावर नको.

ताई आता आधी चेहऱ्यासह नथ दाखवतात आणि मग मागच्या कॅमेऱ्यावर जाऊन ती काळ्या कापडावर ठेवून जवळून दाखवतात. मागचा कॅमेरा सहसा जास्त चांगला असतो, आणि तिथे फिल्टरला पकडायला चेहराच नसतो. रंगाबद्दल मात्र त्या कॉलवर खात्री देत नाहीत, कारण गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर मोती किती पिवळट दिसेल, हे त्यांच्या हातात नाही. त्यासाठी दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो वेगळा पाठवतात.

तुमच्या फोनमध्ये ही सोय वेगळ्या नावाने असेल तर मॉडेलसकट कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत ती स्क्रीनवर उघडून दाखवतो.