कच्च्या लायसनवाल्याच्या शेजारी बसताना

पुतणीचं कच्चं लायसन आलं तेव्हा घरच्या गाडीवर तिचा सराव घेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी मुलाच्या वेळीही शेजारची सीट माझीच होती. त्या सीटवर बसून जे पक्कं समजलं, ते लिहिते आहे.

१. शेजारी बसणाऱ्याचं लायसन आधी बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम सांगतो की, शिकाऊ माणसासोबत ते वाहन चालवण्याचं वैध लायसन असलेली व्यक्ती हवी. यातला ‘वैध’ हा शब्द महत्त्वाचा. आमच्या शेजारचे एक काका मुलाला शिकवायला निघाले होते. अनेक वर्षं गाडी चालवणारे, हात अगदी स्वच्छ. पण त्यांच्या लायसनची मुदत पन्नाशीलाच संपली होती. जुन्या लायसनांची मुदत वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत असायची, आणि नूतनीकरण राहून गेलेलं. म्हणजे गाडीत नियमाला चालेल असा सोबती कोणीच नव्हता. ज्यांच्याकडे फक्त मोटारसायकलचं लायसन आहे, त्यांनाही कारमध्ये सोबती म्हणून बसता येत नाही.

२. सोबत्याची जागा पुढेच. गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा ठिकाणी त्यानं बसावं, असं नियमच म्हणतो. मागे बसून सूचना देणं त्यात बसत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. घरच्या गाडीत आपल्या हाताशी असतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात, मी तो स्वतः ओढून पाहिला. टोकाचं बटण अंगठ्यानं दाबूनच ठेवायचं आणि दांडा हळूहळू वर घ्यायचा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर लागतो. हिसका दिला तर ती चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. बटण दाबलेलं असलं की दांडा लगेच सैल करता येतो.

याचा उपयोग आमच्या सोसायटीच्या चढावर झाला. पुतणीनं क्लच पटकन सोडला, गाडी बंद पडली आणि मागे घरंगळायला लागली. मागे स्कूटर उभी होती. “काकू, ब्रेक लागत नाहीये!” ती ओरडली, कारण घाबरून तिचा पाय क्लचवरच दाबला गेला होता. मी दांडा वर घेतला, गाडी थांबली. “अगं, आता उजवा पाय ब्रेकवर ठेव, मग बाकीचं बघू,” एवढंच म्हणाले. त्या दांड्याभोवती पर्स, पाण्याची बाटली, मोबाइलची वायर असलं काही नको, आणि सोबत्याच्या हातात मोबाइल तर नकोच नको. तो हात मोकळाच हवा. गाडीत दांड्याऐवजी बटणाचा पार्किंग ब्रेक असेल, तर चालत्या गाडीत तो कसा वापरायचा हे गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचून घ्या.

३. ‘एल’ मोजून लावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, गाडीच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस. अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, २ सेंटीमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटीमीटर रुंद. दुकानातून आणलेल्या स्टिकरला मी पट्टी लावली, तर ते लहान भरलं. एफोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर, त्यामुळे योग्य मापाची पाटी घरीही छापता येते. लॅमिनेट केली की पावसात टिकते. मागच्या काचेला गडद फिल्म असेल तर ती आतून लावू नका, दिसत नाही.

४. विमा पॉलिसीतला चालकाचा परिच्छेद वाचा. कच्चं लायसन असलेल्यानं गाडी चालवली तरी विमा लागू राहतो, पण त्यानं तिसरा नियम पाळलेला असावा, अशी अट तिथे सहसा छापलेली असते. म्हणजे सोबती आणि पाटी हा फक्त पोलिसांपुरता प्रश्न नाही. अट मोडलेली निघाली तर आपल्याच गाडीच्या दुरुस्तीचा दावा अडकू शकतो. अपघातात दुसऱ्याला इजा झाली, तर कंपनीनं भरपाई देऊन ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करण्याची वेळही येऊ शकते.

५. दुचाकीलाही हेच लागू. मागे बसवायचं ते शिकवणाऱ्यालाच, आणि तेही वैध लायसन असेल तर. कच्च्या लायसनवर मैत्रिणीला मागे बसवून कॉलेजला नेता येत नाही.

६. लायसन मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते आणि कच्च्याची मुदत सहा महिने असते. ती संपल्यावर सोबती शेजारी असला, पाटी मापात असली, तरी गाडी चालवता येत नाही. पुन्हा अर्ज करावा लागतो.