चौकटीला दार नसलं तरी

चि. बाळ यास,


तुझं पत्र पोचलं. शिंगणापूरच्या दोन खोल्यांतला भाडेकरू महिनाअखेरीस जागा सोडतोय. त्याने महिन्याची नोटीस रीतसर दिली आहे, आणि सोनई-घोडेगावकडची चार माणसं खोल्या बघायला येऊ म्हणतायत. त्यासाठी भाडेकरूकडून ठरावीक वेळ मागून घ्यावी की सरळ माणसं घेऊन जावं, असं तू विचारलं आहेस. पत्रावरून तुझा कल दुसरीकडे दिसतो. ‘आपल्या गावात दारंच नाहीत, मग परवानगी कशाची?’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. जिथे दार नाही तिथे वेळ ठरवून घेणं जास्त गरजेचं. का ते सांगतो.

शनिदेवाच्या श्रद्धेपोटी गावातल्या बहुतेक घरांना चौकटी आहेत, पण फळ्या, कड्या, कोयंडे नाहीत. कुणी पडदा लावतं, कुणी रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फळी आडवी टेकवतं. ही रीत सांगते ती एकच गोष्ट: इथे कोणी कुणाचं काही नेणार नाही. कोणीही कुणाच्याही घरात शिरावं, असं ती कुठेच सांगत नाही. उलट दार ठोठावायची सोय नसल्यामुळे येणारा माणूस बाहेरूनच हाक मारतो आणि आतून ‘या’ आल्यावरच उंबरा ओलांडतो. २०११ साली युको बँकेने गावात कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. पण तिथेही काचेचं दार आहे, आणि कुलूप नाही म्हणून कुणी गिऱ्हाईक काउंटर ओलांडून रोकड मोजणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहत नाही. चोरीची भीती नसणं वेगळं आणि आडोसा नको असणं वेगळं. बाहेरगावच्या घरात मालक आगंतुक आला तर भाडेकरू निदान कडी काढेपर्यंत दोन मिनिटं मागू शकतो. तेवढ्यात पसारा आवरता येतो, पदर सावरता येतो, मूल निजवता येतं. तुझ्या भाडेकरूच्या बायकोला ती दोन मिनिटं मिळत नाहीत. ती मिळण्याचा एकच मार्ग आहे, की येणार कधी हे तिला आधीच ठाऊक असावं.

आता तुझा पहिला आक्षेप, घर माझं आहे. आहेच, त्यात वाद नाही. पण महिन्याचं भाडं घेतलंस तेव्हा त्या महिन्यापुरता घरातला वावर तू त्याला दिलास, आणि नोटीस दिल्याने तो आजच संपत नाही, शेवटच्या दिवशी संपतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ काढून बघ. भाडं वेळेवर देणाऱ्याला मुदतभर जागेचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे, आणि मालकाला किंवा त्याच्या माणसांना वाजवी वेळी आत येऊन जागेची अवस्था पाहता आली पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी आहेत. तू म्हणशील, माझा कागद भाडेपट्ट्याचा नाही, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे ताबा कायद्याने माझाच. हा मुद्दा पोकळ नाही. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ नेमकं याच ठिकाणी बोलतं. जागा भाड्याने दिलेली असो की लायसन्सवर, मालकाने आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळी पाहणी करायची. तो कायदा ठरवून दिलेल्या गावांनाच लागू होतो, म्हणून तुझ्या खोल्यांना तो लागतो की नाही यावर मी भिस्त ठेवणार नाही. मला दाखवायचंय ते एवढंच की लायसन्सवर राहणाऱ्यालाही आधी कळवण्याची अपेक्षा कायद्याने सोडलेली नाही.

आणि एक गोष्ट नीट बघ. ही दोन्ही कलमं जागेची पाहणी करण्याबद्दल आहेत. भिंतीला ओल आली का, नळ गळतो का, हे बघायला मालक येऊ शकतो. होऊ घातलेल्या भाडेकरूंना घर दाखवायला आणण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. तो हक्क करारातून यायचा. तुझ्या करारात तशी ओळ नाही, हे तूच लिहिलंस. म्हणजे इथे तू हुकूम देण्याच्या जागी नाहीस, विनंती करण्याच्या जागी आहेस. कलम १०८ च्या सुरुवातीला असं म्हटलं आहे की वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तेव्हा हे नियम लागू होतात. शिंगणापूरची रूढीच वेगळी, असं तू यावर म्हणशील हे मला दिसतंय. पण वर सांगितलं तेच पुन्हा: रूढी दार नसण्याची आहे, न विचारता आत जाण्याची नाही.

विनंती करायची तर ती नेमकी हवी. ‘अधूनमधून कुणी आलं तर दाखवाल ना?’ असं विचारलंस तर तो भिडेखातर ‘बघू’ म्हणेल, आणि महिनाभर त्या घरात प्रत्येक पावलाच्या आवाजाने मान वर होईल. तुझा भाडेकरू पूजेच्या साहित्याच्या दुकानात काम करतो असं तू लिहिलंस. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसते, शनिअमावास्येला तर मुळीच नाही. त्या वेळी घरी त्याची बायको आणि लहान मूल एवढंच. आणि नेमकं शनिवारीच बाहेरची माणसं दर्शनाला येतात आणि ‘आलोच आहोत तर खोल्याही बघून जाऊ’ म्हणतात. ते त्यांच्या सोयीचं आहे, पण त्या बाईच्या दृष्टीने आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस तोच. म्हणून शनिवार आणि अमावास्या आधीच वगळ. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, रविवारी सकाळी दहा ते अकरा, असे आठवड्याचे तीन तास माग. त्याला गैरसोयीचे असतील तर त्याने बदलून सांगावेत, पण मग ते पाळायचे दोघांनी. साडेपाचला उजेड असतो हाही फायदा. दिव्याखाली बघितलेल्या खोलीची ओल दिसत नाही आणि मग नवा माणूस पुढे कटकट करतो.

तोंडी बोलून झालं तरी मोबाईलवर लिहून पाठव, म्हणजे कुणाच्या आठवणीवर काही राहणार नाही. मी असं लिहीन: ‘नमस्कार. तुमची नोटीस मिळाली. नवीन भाडेकरूंना खोल्या दाखवण्यासाठी मंगळवार, गुरुवार सायं. ५.३० ते ६.३० आणि रविवार सकाळी १० ते ११ या वेळा चालतील का? एका वेळी एकच कुटुंब आणीन, दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, मी स्वतः सोबत असेन. कोण येणार ते आदल्या रात्री कळवीन. न कळवता कुणी आलं तर त्याला आत घेऊ नका. अडचण असेल तर मोकळेपणी सांगा.’ यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. एकदा पत्ता कळला की बघून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन परस्पर येतो, दलाल तर तुला न विचारताच येतो. त्यांना परत पाठवायचा अधिकार तू आधीच भाडेकरूच्या हातात दिला पाहिजेस.

मी स्वतः सोबत असेन, हे नुसतं लिहायला नको, पाळायला हवं. कुलूप असलेल्या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर संशय मोजक्या माणसांवर जातो. चौकटीच्या घरात पाच अनोळखी कुटुंबं येऊन गेल्यावर बाळाचं चांदीचं वाळं दिसेना, तर ते पलंगाखाली सापडलं तरी मधल्या दोन दिवसांत मन कलुषित झालेलं असतं. गावाने जो भरवसा जपला आहे तो अशाने तुटतो, आणि तो तुटायला तू निमित्त होशील. म्हणून येणाऱ्याचं नाव आणि फोन वहीत लिहून ठेव, कपाट किंवा फडताळ कुणाला उघडू देऊ नकोस, आणि सामानासकट फोटो काढू देऊ नकोस. फोटो हवेतच असतील तर खोल्या रिकाम्या झाल्यावर काढून पाठव.

तुझा दुसरा आक्षेप पैशाचा. इतकं जपून दाखवत बसलो तर खोल्या रिकाम्या पडतील. हिशोब कर. भाडं साडेचार हजार, म्हणजे दिवसाला दीडशे. नोटिशीच्या महिन्यात एकही माणूस आणला नाहीस आणि पुढे दहा दिवस जागा रिकामी राहिली तर दीड हजार गेले. पण आठवड्याला तीन तास धरले तर चार आठवड्यांत बारा तास होतात, आणि दोन खोल्या दाखवायला दहा मिनिटं पुरतात. तुझ्याकडे माणसं आहेत चार! वेळ कमी पडत नाही, फक्त माणसं एका मागोमाग बोलवावी लागतात. दुसऱ्या बाजूने बघ. नवा माणूस तुझं ऐकत नाही, राहणाऱ्याचं ऐकतो. पाणी किती वेळ येतं, छत गळतं का, हे तो तू जरा बाजूला झालास की हळूच त्यालाच विचारणार. न सांगता घुसलास म्हणून चिडलेला भाडेकरू त्या वेळी काय सांगेल, आणि मानाने विचारलेला काय सांगेल, यातला फरक दीड हजारापेक्षा मोठा आहे.

आणि तो नाहीच म्हणाला तर? तसं होऊ शकतं. आजारपण असेल, घरी पाहुणे असतील. आधी कारण विचार आणि आठवड्याला एकच तास माग. घर आवरून ठेवण्याच्या त्रासापोटी दोन दिवसांचं भाडं, म्हणजे तीनशे रुपये, सोडायला तयार हो. तरीही नको म्हणाला तर तिथे थांब. डिपॉझिट अडकवीन असं सूचित करू नकोस, पाणी-दिवा तोडण्याचा विचारही नको. भाडे नियंत्रण कायद्याने आवश्यक सोयी तोडायला मनाई केली आहे, आणि कायदा लागू असो वा नसो, गावात तुझं नाव जाईल. मग खोल्या रिकाम्या झाल्यावरच दाखव. तोवर येणाऱ्यांना बाहेरून घर, नळ, गाडी लावायची जागा दाखवता येते, खोल्यांची मापं सांगता येतात. त्यातून निम्मी माणसं आपसूक गळतात.

पुढच्या करारात मात्र ही ओळ घालायला विसरू नकोस: ‘नोटिशीच्या काळात मालकास आठवड्यातून तीन ठरलेल्या वेळी, किमान २४ तास आधी कळवून, स्वतः हजर राहून, इच्छुक भाडेकरूंस जागा दाखवता येईल, सूर्यास्तानंतर नाही.’ केंद्राने २०२१ साली राज्यांना नमुना म्हणून जो भाडे कायदा दिला, त्यातही मालकाच्या प्रवेशासाठी २४ तासांची सूचना आणि सूर्योदय ते सूर्यास्त हीच मर्यादा आहे, म्हणून नव्या भाडेकरूलाही ती जाचक वाटणार नाही. पहिला मंगळवार परवाच आहे, तेव्हा मेसेज आज रात्रीच पाठव, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत सोनईवाल्यांना वेळ देऊ नकोस.

तुझा,
मामा