पाइपमधले ६७ लिटर

राहायला चिंचणीत आणि नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांत, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात. इतक्या वर्षांत सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य एकच : "साहेब, लूप हंट करतोय." म्हणजे तापमान सेटपॉइंटवर टिकत नाही, झोके घेत राहतं आणि वाफेचा व्हॉल्व्ह त्याच्यामागे उघडमीट करतो. कारणं अनेक असतात. इथे फक्त डेड टाइमबद्दल, तेही एकाच लूपच्या आधाराने. वाफेवरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये पाणी तापतं, दोन इंची पाइपमधून ३१ मीटर जातं आणि रिॲक्टरच्या तोंडाशी बसवलेला आरटीडी त्याचं तापमान सांगतो.

१. डेड टाइम आधी कागदावर काढावा, मग ट्रेंडवर.

दोन इंची, शेड्यूल ४० पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण २.१६ लिटर पाणी मावतं. ३१ मीटरमध्ये झालं ६७ लिटर. प्रवाह ताशी ४००० लिटर असेल तर एक्स्चेंजरमधून आत्ता निघालेलं पाणी आरटीडीपर्यंत पोचायला ६० सेकंद लागणार. कुठलाही कंट्रोलर यातला एक सेकंदही कमी करू शकत नाही.

मग कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यायचा, तापमान स्थिर होऊ द्यायचं आणि व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवरून ४५ वर नेऊन हात मागे घ्यायचा. या लूपमध्ये पहिलं मिनिटभर रेघ सपाट राहिली. त्यानंतर चढायला लागली आणि शेवटी ४ अंश वर जाऊन थांबली. म्हणजे व्हॉल्व्हच्या एका टक्क्याला ०.८ अंश, हा प्रोसेसचा गेन. चढायला लागल्यापासून ४ अंशांपैकी ६३ टक्के, म्हणजे अडीच अंशांचं अंतर कापायला ४० सेकंद लागले, हा टाइम कॉन्स्टंट. ट्रेंडवरचा डेड टाइम कागदावरच्या हिशेबाहून खूपच जास्त आला तर ट्यूनिंगला हात लावू नये. आधी थर्मोवेल आणि व्हॉल्व्ह बघावा.

२. झोक्यांचा काळ मोजला की बरंच कळतं.

दोन शिखरांमधलं अंतर डेड टाइमच्या साधारण चौपट, इथे चार मिनिटांच्या आसपास असेल, तर कंट्रोलर डेड टाइमशी झगडतोय असं समजावं. मॅन्युअलवर घेतल्यावर झोके थांबायला हवेत. नाही थांबले तर गडबड बाहेरून येतेय, बहुधा वाफेच्या दाबातून. कंट्रोलरच्या आउटपुटची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल तर व्हॉल्व्ह अडकतोय. तो ट्यूनिंगने सुटत नाही, ग्लँड आणि पोझिशनरकडे जावं लागतं.

३. गेन कमी करणं म्हणजे पाइपला वेळ देणं.

आमच्याकडे सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं दार वर उघडलं तरी शेवटच्या शेतात पाणी लगेच येत नाही. खालचा माणूस "अजून सोडा" म्हणून ओरडत राहिला आणि वरच्याने ऐकलं, तर थोड्या वेळाने बांध फुटायचा. इंटिग्रल नेमकं हेच करतं. तापमान कमी दिसतंय म्हणून कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो. पुढचे ६० सेकंद आरटीडीवर काहीच बदलत नाही, म्हणून तो उघडतच राहतो. परिणाम दिसायला लागतो तेव्हा पाइपात जादा तापलेलं ६७ लिटर पाणी भरलेलं असतं आणि ते परत बोलावता येत नाही.

इंटिग्रल टाइम ४० सेकंद, म्हणजे टाइम कॉन्स्टंटएवढाच ठेवला, तर या लूपला सुमारे १.३ गेनपर्यंतच तग धरता येतो (आरटीडीची रेंज ० ते १०० अंश धरून). त्यापुढे झोके वाढत जातात. त्याच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणजे ०.४२ ठेवला की लूप शांत होतो. सेटपॉइंट बदलल्यावर ९५ टक्के अंतर कापायला सुमारे साडेतीन मिनिटं लागतात आणि प्रॉडक्शनवाले "सुस्त झाला" म्हणतात. म्हणू द्यावं. डेरिव्हेटिव्ह टाकून वेग येईल हा मोह मात्र टाळावा. शुद्ध डेड टाइममध्ये रेघेचा उतारसुद्धा मिनिटभर जुनाच असतो.

४. अर्ध्या प्रवाहावर तेच ट्यूनिंग बिघडतं.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कमिशनिंगच्या कागदांत नसतं. रात्री एकच रिॲक्टर चालू असतो आणि प्रवाह ताशी २००० लिटरवर येतो. डेड टाइम ६० वरून १२० सेकंद होतो. शिवाय तीच वाफ निम्म्या पाण्यात जाते, म्हणून प्रोसेसचा गेनही साधारण दुप्पट, १.६ होतो. दोन्ही एकाच बाजूने वाईट. आता कंट्रोलरच्या गेनची मर्यादा १.३ वरून जवळजवळ ०.३२ वर येते. दिवसा शांत असलेला ०.४२ रात्री आठ-दहा मिनिटांचे झोके घेतो. सकाळी इंजिनीअर येतो, प्रवाह पूर्ववत झालेला असतो आणि लूप सरळ! रात्रपाळीच्या ऑपरेटरवर कुणाचा विश्वास बसत नाही, पण तो खरंच सांगत असतो.

उपाय दोन. सर्वांत कमी प्रवाहासाठी गेन बसवावा, इथे ०.१० च्या आसपास, आणि दिवसा संथपणा सोसावा. नाहीतर फ्लोमीटरचं रीडिंग घेऊन गेन बदलता ठेवावा.

५. स्मिथ प्रेडिक्टर बसवायचा तर प्रवाहासकट.

बर्कलीच्या ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही युक्ती. कंट्रोलरशेजारी प्रोसेसचं छोटं गणिती मॉडेल चालवायचं. एक मॉडेल डेड टाइमशिवाय, दुसरं तेच ६० सेकंद उशिराने. दोहोंतला फरक म्हणजे पाठवलेली पण अजून पाइपातच असलेली उष्णता. ती मोजलेल्या तापमानात मिळवून कंट्रोलरला दाखवली की तो उगाच घाई करत नाही. दर सेकंदाला चालणाऱ्या पीएलसीत एवढंच लिहावं लागतं :

```
xm := xm + (1.0/tau) * (K*u - xm);
xd := buf[i];
buf[i] := xm;
i  := (i + 1) MOD N;
e  := SP - (PV + xm - xd);
```

`tau` ४०, `K` ०.८ आणि `N` ६०. `u` हा व्हॉल्व्हला प्रत्यक्ष गेलेला, ० ते १०० मध्ये अडवलेला आउटपुट हवा. मॅन्युअलवरून ऑटोवर येताना `buf` चे सगळे कप्पे चालू `xm` ने भरावेत, नाहीतर व्हॉल्व्हला धक्का बसतो.

मॉडेल बरोबर असेल तर आता २.५ गेन चालतो, म्हणजे आधीच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट, आणि सेटपॉइंटकडचं ९५ टक्के अंतर दोन मिनिटांत कापलं जातं. पण हेच आकडे ताशी २००० लिटरला तसेच ठेवले तर लूप साध्या पीआयपेक्षाही वाईट वागतो, कारण आता मॉडेलच खोटं बोलत असतं. म्हणून `N` आणि `K` प्रवाहावरून काढायचे : घनमीटर प्रति तासातला प्रवाह `Q` असेल तर `N = 241/Q` आणि `K = 3.2/Q`. बफर मोठा ठेवून `N` नुसार फक्त वाचण्याची जागा मागेपुढे करावी. फ्लोमीटर भरवशाचा नसेल तर मी स्मिथ बसवणार नाही, गेन कमी ठेवेन.

६. जमलं तर आरटीडीच हलवा.

एक्स्चेंजरपासून दोन मीटरवर दुसरा आरटीडी लावला की आतल्या लूपचा पाइपमुळे होणारा डेड टाइम चारच सेकंद राहतो. रिॲक्टरपाशी असलेला जुना आरटीडी बाहेरच्या लूपमधून हळूहळू सेटपॉइंट सुधारतो. वाफेचा दाब अचानक पडला तर स्मिथलाही ६० सेकंद काही कळत नाही. हा आतला लूप मात्र लगेच व्हॉल्व्ह उघडतो. खर्च एका थर्मोवेलचा, एका ट्रान्समीटरचा आणि शटडाउनमधल्या वेल्डिंगचा.